कापडी पिशवीवर काय छापावे

कापडी पिशवी विकणाऱ्या छोट्या उद्योगाला आपल्या मालाबद्दल एक गोष्ट सिद्ध करण्याची गरजच वाटत नाही, ती म्हणजे तो माल पर्यावरणाला चांगला आहे. प्लास्टिक वाईट, कापड चांगले, हे ग्राहकाने आधीच मान्य केलेले असते. म्हणून पिशवीच्या टॅगवर ‘पर्यावरणपूरक’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘पूर्णपणे विघटनशील’ असे शब्द सहज उमटतात. लिहिणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा फसवणुकीचा नसतो. पण यातले बरेच शब्द तपासायला घेतले की एक तर पुरावा सापडत नाही, किंवा पुरावा शब्दाच्या विरुद्ध जातो.

भारतात हा आता केवळ सदसद्विवेकाचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणारे दावे रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ‘ग्रीनवॉशिंग’ या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्याची व्याख्या त्यात आहे. जाहिरातींचे स्वनियमन करणाऱ्या ‘आस्की’ या संस्थेचे अशाच विषयावरचे नियम त्याच वर्षी फेब्रुवारीपासून लागू झाले होते. टॅगवरचा मजकूर म्हणजे काही जाहिरात नव्हे, असे अनेक उत्पादकांना वाटते. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन आणि बिलसुद्धा येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

नियमांचा गाभा साधा आहे. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘शुद्ध’, ‘शाश्वत’ यांसारखे मोघम शब्द पुरेशा, अचूक आणि ग्राहकाला सहज पाहता येईल अशा आधाराशिवाय वापरायचे नाहीत. दावा संपूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल आहे, बनवण्याच्या प्रक्रियेबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हे सांगायचे. एखाद्या अभ्यासातला सोयीचा तेवढा भाग उचलून गैरसोयीचा झाकायचा नाही. हिरवा रंग किंवा झाडाचे चित्र वापरायला मात्र बंदी नाही. त्यातून फसवणूक होत नसेल, तर अशी सर्वसाधारण सजावट ग्रीनवॉशिंग ठरत नाही. संस्थेचे सर्वसाधारण ध्येयवाक्यही, ते एखाद्या ठरावीक वस्तूशी जोडलेले नसेल तर, या नियमांच्या बाहेर राहते.

हे प्रत्यक्षात कसे लागू होते ते पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, एका बचत गटाने इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेले कोरे सुती कापड घेऊन बाजारहाटाच्या पिशव्या शिवायला सुरुवात केली आहे. कापड 200 जीएसएमचे, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन 200 ग्रॅम. पिशवी साधारण 38 बाय 40 सेंटिमीटरची, दोन बंदांची, पुढच्या बाजूला छापलेले चित्र. टॅगसाठी तयार झालेला पहिला मसुदा असा: ‘100 टक्के पर्यावरणपूरक. शुद्ध सेंद्रिय कापूस. केमिकल-फ्री. पूर्णपणे विघटनशील. एक पिशवी वाचवते 500 प्लास्टिक पिशव्या. कार्बन न्यूट्रल.’ खाली तीन बाणांचे पुनर्चक्रणाचे चिन्ह.

या मजकुरातला सर्वांत आकर्षक आणि सर्वांत अवघड दावा पाचशे पिशव्यांचा आहे. तो आधी पाहायला हवा, कारण सुती पिशवीच्या पर्यावरणीय हिशेबाचे मर्म त्यातच आहे.

कापूस पिकवायला जमीन, पाणी, खत आणि कीटकनाशके लागतात. मग सरकी काढणे, सूतकताई, विणाई, शिलाई आणि वाहतूक यांना ऊर्जा लागते. प्लास्टिकची पातळ पिशवी मात्र काही ग्रॅम वजनाची असते आणि यंत्रातून झरझर बाहेर पडते. त्यामुळे एक विरुद्ध एक अशी तुलना केली तर बनवण्याच्या टप्प्यावर सुती पिशवी हरते. ती जिंकू शकते फक्त वापराच्या संख्येवर. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पातळ, एकदाच वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिक पिशवीशी तुलना करता सुती पिशवी तापमानवाढीच्या निकषावर बरोबरीला येण्यासाठी 131 वेळा वापरावी लागते, असा निष्कर्ष होता. हीच प्लास्टिक पिशवी नंतर कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून वापरली जात असेल, तर हा आकडा 327 पर्यंत जातो, कारण तिनेही दुसरे एक काम केलेले असते.

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेच्या 2018 च्या अभ्यासाने तर खळबळ उडवली. त्यात साध्या कापसाच्या पिशवीसाठी 7,100 आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी 20,000 वापर असे आकडे आले. प्लास्टिक उद्योगाच्या बाजूने बोलणारे हे आकडे आजही फेकतात. पण ते सगळ्या पर्यावरणीय निकषांपैकी सर्वांत प्रतिकूल निकषावरून काढलेले होते, आणि तो निकष ओझोनच्या थराचा होता. फक्त हवामानबदलाचा विचार केला, तर त्याच अभ्यासात साध्या कापसासाठी 52 आणि सेंद्रिय कापसासाठी 149 वापर पुरेसे ठरतात. सेंद्रिय कापसाचा आकडा जास्त का, हे पाहिले की अशा अभ्यासांची घडण कळते. सेंद्रिय शेतीत एकरी उत्पादन कमी धरले होते, शिवाय नमुन्यातली पिशवी लहान असल्याने एका मोठ्या प्लास्टिक पिशवीच्या जागी दोन मोजल्या गेल्या. रस्त्यावर, नाल्यात किंवा गुरांच्या पोटात जाणाऱ्या प्लास्टिकचा हिशेब त्या अभ्यासात नव्हताच. डेन्मार्कमध्ये कचरा गोळा होऊन भट्टीत जातो. आपल्याकडे प्लास्टिक पिशवीविषयीची मुख्य तक्रारच ती गोळा होत नाही, ही आहे.

यातून बचत गटाच्या कामाचे दोन मुद्दे निघतात. परदेशी अभ्यासातला 52, 131 किंवा 7,100 यांपैकी कोणताही आकडा इचलकरंजीच्या कापडाच्या पिशवीवर छापता येत नाही, कारण पिशवीचे वजन, कापसाची शेती, वीज, वाहतूक आणि कचऱ्याची व्यवस्था सगळेच वेगळे आहे. इंग्लंडच्या अभ्यासातली सुती पिशवी 180 ग्रॅमच्या आसपास होती. बचत गटाच्या पिशवीला बंद आणि दुमड धरून सुमारे 0.45 चौरस मीटर कापड लागते, म्हणजे तिचे वजन साधारण 90 ग्रॅम. हलकी पिशवी म्हणजे कमी कापूस, हे बरोबर. पण म्हणून आकडा निम्मा करून टाकला की झाला हिशेब, असे नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. ‘एक पिशवी वाचवते 500 प्लास्टिक पिशव्या’ या वाक्यातले ‘वाचवते’ हे क्रियापद पिशवीचे नाहीच. ते वापरणाऱ्याचे आहे. पिशवी दाराआड खुंटीला टांगून राहिली तर ती एकही पिशवी वाचवत नाही, उलट बनवण्याचा सगळा भार डोक्यावर घेऊन बसते. आठवड्यातून दोनदा बाजारात नेली तर वर्षाला शंभरेक वापर होतात. पाचशे वापरांना पाच वर्षे लागतील, आणि तोवर शिवण टिकायला हवी. शिवाय प्रत्येक वेळी तिच्यामुळे एक प्लास्टिक पिशवी खरोखरच नाकारली गेली पाहिजे. घरात आधीच सहा कापडी पिशव्या असतील, तर सातवी विकत घेतल्याने कोणतेही प्लास्टिक कमी होत नाही. या दाव्यामागे गटाने केलेली चाचणी नाही, ग्राहकांच्या वापराची नोंद नाही. पाचशे हा आकडा कुठल्या तरी दुसऱ्या टॅगवरून आला आहे. तुलनात्मक दाव्याला पडताळता येईल अशी माहिती हवी आणि कशाशी, कोणत्या बाबतीत तुलना केली ते सांगायला हवे, असे नियम म्हणतो. येथे दोन्ही नाही, म्हणून हे वाक्य काढावेच लागते.

त्याच्या जागी गटाला स्वतः तपासता येईल असा दावा बसवता येतो, तो टिकाऊपणाचा. प्रत्येक लॉटमधून पाच पिशव्या काढायच्या, त्या वीस वेळा धुऊन वाळवायच्या, मग त्यांत 10 किलो तांदूळ किंवा वाळू भरून उचल-ठेव करायची आणि काही तास टांगून ठेवायच्या. आधी हार खाते ती बंद आणि कापड जोडणारी जागा. तिथे साधी आडवी शिवण असेल तर दोरा उसवतो किंवा कापड शिवणीजवळ फाटते. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल तर भार पसरतो. तारीख, लॉट, धुण्याची संख्या, वजन आणि निकाल वहीत लिहून ठेवला की ‘10 किलोपर्यंत सामानासाठी’ हे वाक्य पुराव्यासह उभे राहते. ‘पर्यावरणपूरक’ या शब्दापेक्षा ग्राहकाला ते जास्त उपयोगी आहे, आणि खरे तर पर्यावरणाच्या दृष्टीनेही तेच जास्त अर्थपूर्ण आहे, कारण वापरांची संख्या शिवणीवर अवलंबून असते.

आता ‘शुद्ध सेंद्रिय कापूस’. भारतात पिकणारा बहुतेक कापूस जनुकीय बदल केलेल्या बीटी वाणांचा आहे, आणि सेंद्रिय मानकांमध्ये असे बियाणे चालत नाही. म्हणून बाजारातून घेतलेले कोरे कापड सेंद्रिय असण्याची शक्यता मुळातच कमी. व्यापाऱ्याने तोंडी सांगितले किंवा ताग्यावर तसे लिहिले, एवढ्याने भागत नाही. कापडासाठी सर्वांत ओळखीचे मानक म्हणजे जीओटीएस. त्यात ‘सेंद्रिय’ अशी खूण लावायला किमान 95 टक्के प्रमाणित सेंद्रिय तंतू लागतात. 70 टक्क्यांपासून पुढे ‘सेंद्रिय धाग्यांसह बनवलेले’ अशी वेगळी श्रेणी आहे.

येथे एक गफलत नेहमी होते. व्यापारी गिरणीचे प्रमाणपत्र दाखवतो आणि घेणाऱ्याला वाटते, काम झाले. पण ते ‘स्कोप सर्टिफिकेट’ असते. त्या गिरणीला सेंद्रिय माल बनवण्याची मान्यता आहे एवढेच ते सांगते. तीच गिरणी शेजारच्या मागावर साधे कापडही विणत असते. विकत घेतलेला ठरावीक माल सेंद्रिय आहे हे दाखवते ते ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’, ज्यावर विकणारा, घेणारा, वजन आणि मालाचे वर्णन असते. हा कागद मिळत नसेल तर ‘सेंद्रिय’ हा शब्द टॅगवर येत नाही. आणि स्वतःच्या मालावर जीओटीएसचे चिन्ह छापायचे तर कापड प्रमाणित असून भागत नाही. शिवणारे युनिटही प्रमाणनाच्या साखळीत असावे लागते. 2020 मध्ये जीओटीएसनेच भारतातील सुमारे 20,000 टन कापसाच्या खोट्या प्रमाणपत्रांचा प्रकार उघड केला होता. तेव्हा हाती आलेला कागदही डोळे झाकून न स्वीकारता, त्यावरचा क्रमांक प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडे पडताळणे बरे.

ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 या खुणेबद्दल असाच गैरसमज आहे. तयार कापडात ठरावीक हानिकारक द्रव्ये मर्यादेत आहेत का, याची ती चाचणी आहे. कापूस कसा पिकवला, पाणी किती लागले, याच्याशी तिचा संबंध नाही. ती खूण असलेल्या कापडावर ‘घातक द्रव्यांसाठी तपासलेले’ म्हणता येते, ‘पर्यावरणपूरक’ म्हणता येत नाही. ‘खादी’ हा शब्दही मोकळा नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या खादी मार्कच्या नियमांत बसणाऱ्या हातकताई-हातमागाच्या कापडासाठीच तो आहे. यंत्रमागाच्या जाडसर कापडाला खादीसारखे दिसते म्हणून खादी म्हणणे ही सरळ चूक आहे.

उदाहरणातल्या गटाकडे कागद नाही. त्यांनी खात्रीने म्हणावे ते ‘100 टक्के कापूस’, आणि तेही कापडापुरते.

कापडापुरते म्हणण्याचे कारण सुईत आहे. शिलाई मशीनवर चालणारा बहुतेक दोरा आज पॉलिएस्टरचा असतो, कारण तो तुटत नाही आणि स्वस्त पडतो. पिशवीच्या आत शिवलेली गुळगुळीत लेबलपट्टीही बहुधा पॉलिएस्टर सॅटिनची. चेन किंवा वेल्क्रो असेल तर त्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टर. छपाईच्या रबरासारख्या जाड थराला हात लावून पाहिले तर तो प्लास्टिसोल असण्याची शक्यता मोठी, आणि प्लास्टिसोल म्हणजे पीव्हीसी. पाण्यावर आधारित शाई कापडात मुरते आणि बोटाला वेगळा थर लागत नाही. पण त्या शाईतही रंगद्रव्य कापडाला धरून ठेवायला कृत्रिम बाइंडर असतो. म्हणजे कापड कापसाचे असले तरी पिशवी संपूर्णपणे कापसाची नसते.

‘पूर्णपणे विघटनशील’ हा दावा येथेच अडतो. कोरे सुती कापड ओलाव्यात, मातीत, जिवाणूंच्या संगतीत कुजते यात शंका नाही. पॉलिएस्टरचा दोरा कुजत नाही. तुकडे कुजून गेल्यावर मातीत दोऱ्यांचे जाळे आणि छापील थराचे कपचे उरतात. शिवाय विघटन हे वस्तूइतकेच ती कुठे पडते त्यावर अवलंबून असते. शहराच्या कचरा डेपोत खोल दाबल्या गेलेल्या, हवा न मिळणाऱ्या कापडाचे विघटन फार सावकाश होते आणि त्यातून मिथेनही निघतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या ‘ग्रीन गाइड्स’मध्ये म्हणूनच एक कसोटी आहे: वस्तू नेहमीच्या पद्धतीने टाकल्यावर वर्षभरात पूर्ण विघटित होणार नसेल, तर ‘विघटनशील’ हा शब्द बिनशर्त वापरू नये. डेपोत जाणाऱ्या वस्तूला ती पार करता येत नाही. गटाला हा दावा खरेच करायचा असेल तर सुती दोरा वापरावा, छापील भाग कापून वेगळा काढायची सूचना द्यावी आणि ‘खतात घालता येते’ असे म्हणण्याआधी तशी चाचणी करून घ्यावी. सुती दोऱ्याने शिवण कमी टिकते, हा त्याचा तोटा. टिकाऊपणा आणि विघटन यांतून एक निवडायचे झाल्यास वापराच्या हिशेबाने टिकाऊपणा निवडणे जास्त शहाणपणाचे, आणि मग विघटनाचा दावा सोडून देणे प्रामाणिकपणाचे.

‘केमिकल-फ्री’ हा शब्द तर कोणत्याच कापडावर टिकत नाही. विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, त्याला सायझिंग म्हणतात. ती स्टार्चची असते किंवा कृत्रिम द्रव्याची. शेतातल्या फवारण्या वेगळ्याच. गटाचे कापड मात्र खरोखरच ब्लीच न केलेले आणि न रंगवलेले आहे. ही नेमकी, पुरवठादाराच्या बिलावरून दाखवता येणारी गोष्ट आहे. तीच तशीच सांगावी. तिच्याबरोबर एक व्यवहारी सूचनाही हवी: कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते. ग्राहकाला हे आधी माहीत असले तर आटलेली पिशवी खराब समजून तो बाजूला टाकत नाही.

कार्बन न्यूट्रलबद्दल थोडक्यात सांगता येते. शेतापासून ग्राहकापर्यंतच्या उत्सर्जनाचे मोजमाप, ते कमी करण्याचे प्रयत्न आणि उरलेल्याची भरपाई, हे सगळे विश्वासार्ह प्रमाणपत्राने दाखवता येत असेल तरच हा शब्द वापरता येतो. पार्सल कंपनीच्या ‘हरित वितरण’ योजनेत दोन रुपये भरल्याने पिशवी कार्बन न्यूट्रल होत नाही. परदेशी विक्रीची इच्छा असेल तर अधिक जपावे: युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशानुसार 27 सप्टेंबर 2026 पासून, दुसरीकडे केलेल्या उत्सर्जन-भरपाईच्या जोरावर एखादे उत्पादन कार्बन न्यूट्रल असल्याचे ग्राहकांना सांगण्यास तेथे मनाई आहे. पुनर्चक्रणाच्या तीन बाणांचेही तसेच. जुन्या सुती कापडाचे पुनर्चक्रण होते, पानिपतसारख्या ठिकाणी त्याचा मोठा उद्योग आहे. पण ग्राहकाच्या गल्लीत फाटक्या पिशव्या गोळा करून तिथवर नेणारी व्यवस्था नसेल, तर ते चिन्ह ग्राहकाला न मिळणारे वचन देते. गटाने जुन्या पिशव्या परत घेण्याची सोय केली, तर ती सोय शब्दांत लिहावी. बाणांची गरज उरत नाही.

या सगळ्यांच्या आधीचा एक प्रश्न उदाहरणातल्या गटापुढे नाही, पण बाजारात तो सर्वत्र आहे. दुकानांत ‘कापडी पिशवी’ म्हणून मिळणाऱ्या, रंगीत, हलक्या, बारीक ठिपक्यांचे ठसे असलेल्या पिशव्या कापडी नसतात. त्या नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्या तंतूंना उष्णतेने दाबून केलेल्या असतात. केंद्राच्या प्लास्टिक कचरा नियमांत त्या प्लास्टिकमध्येच मोडतात आणि सप्टेंबर 2021 अखेरपासून 60 जीएसएमपेक्षा पातळ अशा पिशव्यांना परवानगी नाही. ओळख सोपी आहे: ताणा-बाणा दिसत नाही, कडेचा धागा ओढून निघत नाही, आणि छोटा तुकडा सावधपणे जाळला तर तो वितळून कडक मणी होतो, तर कापूस कागदासारखा वास देत जळून मऊ राख होते. त्याही पिशव्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. इंग्लंडच्या अभ्यासात त्यांना बरोबरीसाठी सुती पिशवीपेक्षा फार कमी, 11 वापर पुरले. आक्षेप वापराला नाही, ‘कापडी’ या शब्दाला आहे. स्वतःची सुती पिशवी यापेक्षा वेगळी आहे हे सांगायचे, तर ‘विणलेले सुती कापड’ एवढे दोन-तीन शब्द पुरतात.

शब्द खरे असूनही मांडणी दिशाभूल करू शकते. ‘ग्रीन गाइड्स’मधले एक उदाहरण यासाठी चांगले आहे: गालिच्यातील पुनर्वापरित धाग्याचे प्रमाण 2 टक्क्यांवरून 3 टक्के केले आणि लेबलवर ‘पूर्वीपेक्षा 50 टक्के जास्त’ असे लिहिले. गणित बिनचूक, समज खोटा. पिशवीच्या बाबतीत हे घडते ते ‘पुनर्वापरित कापसापासून’ या शब्दांत. पिंजून पुन्हा कातलेल्या कापसाचा धागा आखूड तंतूंचा असल्याने त्यात ताकदीसाठी नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळतात. टक्केवारी न देता नुसते ‘पुनर्वापरित’ म्हटले, तर वाचणारा शंभर टक्के असेच धरतो. तसेच गोल शिक्क्यासारखे, प्रमाणपत्राचा भास देणारे चिन्ह स्वतःच तयार करून छापणे. पान किंवा हिरवा रंग चालतो. कोणी तरी तपासून मान्यता दिल्याचा आभास देणारा शिक्का चालत नाही.

अट किंवा खुलासा दाव्याच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरात हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या 2022 च्या नियमांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. मोठ्या मराठी अक्षरांत दावा आणि तळाला मुंगीच्या अक्षरांत इंग्रजी टीप, ही सवय त्यामुळे सोडावी लागते. सगळा तपशील टॅगवर मावत नसेल तर क्यूआर कोडमागे ठेवता येतो. पण मुख्य अट कोडमागे लपवू नये. बाजारात हात पिशव्यांनी भरलेला माणूस कोड स्कॅन करत थांबत नाही.

सुधारलेला टॅग आता असा होतो. पुढे: ‘पुन्हा पुन्हा वापरायची, विणलेल्या सुती कापडाची पिशवी. 10 किलोपर्यंत सामानासाठी.’ मागे: ‘कापड 100 टक्के कापूस, 200 जीएसएम, ब्लीच व रंग न केलेले. शिवणीचा दोरा व आतील पट्टी पॉलिएस्टरची. छपाई पाण्यावर आधारित शाईने. सुती पिशवी बनवायला प्लास्टिकच्या पातळ पिशवीपेक्षा जास्त साधने लागतात. ती शेकडो वेळा वापरली तरच तिचा फायदा होतो. घरात चांगली पिशवी असेल तर आधी ती वापरा. थंड पाण्यात धुवा. पहिल्या धुण्यात थोडी आटेल. बंद उसवल्यास आमच्याकडे आणा, शिवून देऊ.’ शेवटचे वाक्य गट खरोखर शिवून देणार असेल तरच छापायचे. ‘घरातली वापरा’ हे वाक्य विक्रीला मारक वाटेल, आणि काही प्रमाणात ते असेलही. ते ठेवायचे की नाही हा गटाचा निर्णय. ‘शेकडो वेळा’ मात्र काढू नये. तो नेमका आकडा नाही, पण उपलब्ध अभ्यासांच्या बाजूचा अंदाज आहे आणि दावा फुगवण्याऐवजी मर्यादित करणारा आहे.

टॅग छापण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे त्याचा कागद लावून एक फाइल करावी: कापडाच्या धागाप्रमाणासाठी पुरवठादाराचे बिल व शक्य असल्यास प्रयोगशाळेचा अहवाल, जीएसएमसाठी दहा सेंटिमीटर चौरस तुकड्याचे वजन (ते दोन ग्रॅम भरले पाहिजे), शाईसाठी तिच्या कंपनीचे माहितीपत्रक, 10 किलोसाठी चाचणीची वही. कागद नसलेले वाक्य टॅगवर जात नाही. अडचण येते ती पुढच्या खेपेला. कापूस महागतो, व्यापारी बदलतो, नवे कापड दिसायला तसेच पण वीस टक्के पॉलिएस्टर मिसळलेले येते, आणि गोदामात जुन्या टॅगचे पाच हजार नग पडलेले असतात. म्हणून टॅग एकदम मोठ्या संख्येने न छापता लॉटप्रमाणे छापावेत, किंवा धाग्याचे प्रमाण आणि जीएसएम यांची जागा कोरी ठेवून ती माहिती रबरी शिक्क्याने मारावी, आणि नवा तागा आल्यावर त्याचा धागा जाळून व तुकडा तोलून पाहिल्याशिवाय जुना शिक्का त्यावर मारू नये.